बोर्डावरचे नाव आणि घरावरची जप्ती
एकट्याचा धंदा, भागीदारी आणि प्रायव्हेट कंपनी : फरक नेमका कुठे पडतो?

(जळकोट, ता. तुळजापूर येथील बैठकीतील भाषणाचा मजकूर)



तूर, हरभरा, उडीद पिकवायचा आपण आणि त्याची डाळ करून पैसा मिळवायचा दुसऱ्याने, हे किती दिवस चालायचे, असा विषय आपल्या बैठकांतून अनेकदा झाला आहे. आता गावोगावची पोरे डाळमिल टाकायला निघाली आहेत. कुणी तेलघाणा बघतो आहे, कुणी खव्याची भट्टी. यंत्र कुठले घ्यायचे, बँक किती देईल, वीज कधी जोडून मिळेल, एवढे सगळे प्रश्न विचारून झाले की शेवटी जाता जाता एक प्रश्न येतो : "साहेब, नावावर कुणाच्या करू? एकट्याच्या, भागीदारीत, का कंपनी काढू?" लोकांना वाटते, हा कागदाचा प्रश्न आहे, वकील नाहीतर सीए बघून घेईल. आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न यंत्राच्याही आधीचा आहे. धंदा बरा चालला तर तिन्ही प्रकारांत फारसा फरक जाणवत नाही. धंदा बुडाला, भागीदार भांडला किंवा कर्ता माणूस मेला, की त्या दिवशी फरक कळतो. आणि त्या दिवशी कागद बदलता येत नाही.

म्हणून आज आपण एकच उदाहरण घेऊ आणि तेच तिन्ही प्रकारांतून चालवून पाहू. उदाहरण कल्पनेतले आहे, आकडे सोयीचे आहेत, पण कायदा खरा आहे.

समजा, जळकोटला सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला एक डाळमिल उभी राहिली. शेड, यंत्र, वीज मिळून खर्च 12 लाख. त्यातले 5 लाख घरचे, 7 लाख बँकेचे, यंत्र बँकेकडे तारण. दोन वर्षे बरी गेली, बँकेचे कर्ज 6 लाखांवर आले. तिसऱ्या वर्षी मिलने आसपासच्या शेतकऱ्यांकडून 200 क्विंटल तूर 7 हजार रुपये भावाने उधारीवर उचलली. म्हणजे 14 लाखांचे देणे. तिची सुमारे 15 लाखांची डाळ झाली, ती परगावच्या एका व्यापाऱ्याला उधारीवर दिली आणि त्या व्यापाऱ्याने हात वर केले. मिल बंद पडली. यंत्र विकून 6 लाख आले, ते बँकेने नेले. उरलीसुरली डाळ, चुनी, बारदान विकून 2 लाख आले, ते शेतकऱ्यांना वाटले. राहिले किती? शेतकऱ्यांचे 12 लाख. हे 12 लाख कुणी द्यायचे, हाच आजचा सगळा विषय.

आधी एकट्याचा धंदा घ्या. बोर्डावर देवाचे नाव असो की आजोबांचे, कायद्याला तो बोर्ड दिसत नाही, मालक दिसतो. मिल आणि मालक हे एकच. मिलचे 12 लाखांचे देणे म्हणजे मालकाचे देणे. शेतकऱ्यांनी दावा लावला, हुकूमनामा मिळाला, तर मालकाचे बँकेतले पैसे, गाडी, प्लॉट, शेतजमीन, सगळ्यावर जप्ती येऊ शकते. दिवाणी कायद्यात शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि तो राहतो ते घर यांना जप्तीपासून संरक्षण आहे. पण ते शेतीवर पोट असणाऱ्याला आहे. मिलच्या उत्पन्नावर जगणाऱ्याने तेच संरक्षण मागितले, तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, की तुम्ही शेतकरी का गिरणीवाले? आणि घर आपणच बँकेला गहाण लिहून दिले असेल तर गहाणापुढे ते संरक्षण चालत नाही.

हे सोडले तर एकट्याच्या धंद्यासारखा सोपा धंदा नाही. सुरू करायला कुणाची सही लागत नाही, बंद करायला कुणाला विचारावे लागत नाही. कर त्याच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या टप्प्यांप्रमाणे लागतो. बुडव्या व्यापाऱ्यावर तो स्वतःच्या नावाने दावा लावू शकतो. अडचण येते ती तो गेल्यावर. परवाने, जीएसटी नोंदणी, बँकेचे खाते, सगळे त्याच्या एकट्याच्या नावावर असते. मुलाला मिल मिळते, पण ती चालवायचे कागद त्याला नव्याने करावे लागतात, आणि नेमका तूर येण्याचा हंगाम त्यात निघून जातो.

आता भागीदारी. आपल्याकडे सगळ्यात जास्त धंदे असेच चालतात, आणि सगळ्यात कमी कागद याच प्रकारात असतो. त्यामुळे इथे थोडे थांबू.

समजा आपल्या मिलमध्ये तिघे आहेत. थोरल्याने 3 लाख घातले. मधल्याने 1 लाख घातले आणि दिवसभर मिलवर तोच बसतो. धाकट्याने 1 लाख घातले आणि रस्त्याकडेची त्याची 20 गुंठे जागा मिलला वापरायला दिली. ठरले तोंडी : थोरल्याचे 60 टक्के, बाकी दोघांचे 20-20 टक्के. पारावर बसून चहा झाला, नारळ फुटला. कागद नाही. तरी भागीदारी झाली का? झाली. 1932 च्या भागीदारी कायद्याला लेखी कराराची गरज नाही. नफा वाटून घ्यायचे ठरले आणि एकाने सगळ्यांच्या वतीने धंदा चालवला, की भागीदारी होते.

पण वाद झाला आणि काय ठरले होते ते सिद्ध करता आले नाही, तर मग कायदा स्वतःचे नियम लावतो, आणि ते ऐकण्यासारखे आहेत. नफा-नुकसान सगळ्यांना सारखे, भांडवल कुणी किती घातले याचा संबंध नाही. म्हणजे थोरल्याचे 60 टक्के गेले, तिघांना तिसरा-तिसरा हिस्सा. धंदा चालवल्याचा पगार मागता येत नाही. म्हणजे मधल्याचे तीन वर्षांचे बसणे फुकट. आणि धाकट्याच्या 20 गुंठ्यांवरून तर मोठेच भांडण. जागा त्याने नुसती वापरायला दिली होती, का भांडवल म्हणून धंद्यात घातली होती? घातली असे ठरले तर ती फर्मची मालमत्ता होते, मग सातबारा त्याच्या एकट्याच्या नावावर का असेना. म्हणून भागीदारीपत्रात सरळ वाक्य लिहावे : जागा अमक्याची आहे, अमक्याचीच राहील, फर्म अमुक भाडे देईल. या एका वाक्याने एका घराची जमीन वाचते.

आता ते 12 लाख. तुम्ही म्हणाल, धाकट्याचा वाटा 20 टक्के, तर त्याच्या अंगावर 2 लाख 40 हजार येतील. तसे नाही. वाटा हा भागीदारांचा आपसातला हिशेब आहे. बाहेरच्या धनकोला कायद्याने मुभा दिली आहे, की सगळ्यांकडून मिळून वसूल करा नाहीतर एकाकडून सगळे वसूल करा. थोरल्याने जमीन आधीच बायकोच्या नावे केली असेल, मधल्याकडे काहीच नसेल, तर धनको कुणाकडे जाणार? ज्याच्याकडे बागायत आहे त्याच्याकडे. धाकट्याला 12 लाख भरावे लागतील, आणि मग उरलेल्या दोघांकडून 9 लाख 60 हजार मागत फिरावे लागेल. भागीदारीत जो सर्वांत सधन, तोच सर्वांत धोक्यात, मग त्याचा वाटा कितीही लहान असो.

आणि हे देणे केले कुणी? तूर उधारीवर घेतली मधल्याने. बाकी दोघांना विचारलेही नव्हते. तरी चालत नाही. धंद्याच्या नेहमीच्या कामात एका भागीदाराची सही ही सगळ्यांची सही असते. डाळमिलने तूर घेणे हे नेहमीचे काम आहे. "दोन लाखांच्या वरची खरेदी तिघांच्या संमतीने" असे करारात लिहिले असले, तरी ज्या शेतकऱ्याला ती अट माहीत नव्हती त्याला ती लागू होत नाही. तेव्हा भागीदार निवडताना तो किती पैसे घालतो एवढेच बघू नका. त्याच्या हातात आपण आपल्या सातबाऱ्यावर सही करायची पेन देतो आहोत, हे बघा.

उलट बाजूने, त्या बुडव्या व्यापाऱ्याकडून 15 लाख वसूल करायचे आहेत. फर्मने दावा लावला. व्यापाऱ्याचा वकील एकच मुद्दा मांडतो : फर्म नोंदलेली नाही. दावा तिथेच संपतो. भागीदारी नोंदणे सक्तीचे नाही, पण न नोंदलेल्या फर्मला कराराच्या येण्यासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. बाहेरचा मात्र फर्मवर लावू शकतो. दावा लावल्यावर घाईने नोंदणी करून भागत नाही. नोंदणी करून नवा दावा लावावा लागतो, आणि तोवर मुदतीची तीन वर्षे उलटून गेली असतील तर पैसे गेले. दावा लावताना जे भागीदार आहेत त्यांची नावेही निबंधकाच्या नोंदीत हवीत. म्हणून नवा भागीदार घेतला किंवा जुना गेला की तो बदल लगेच कळवावा.

याच कलमाची महाराष्ट्रात एक वेगळी कथा आहे. मूळ कायद्यात एवढी दया होती, की फर्म नोंदलेली नसली तरी भागीदाराला फर्म मोडून हिशेब मागण्याचा दावा लावता येई. महाराष्ट्र शासनाने 1984 साली दुरुस्ती करून तीही वाट बंद केली. म्हणजे नोंदणी नाही, तर आपल्याच भागीदाराने गिळलेल्या पैशाचा हिशेबही मागता येणार नाही. लोकांनी नोंदणी करावी म्हणून ही सक्ती, पण फायदा झाला तो पैसे दाबून बसलेल्याचा. पंचवीस वर्षांनी, 2009 साली, सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. आज न नोंदलेल्या फर्मचा भागीदार फर्म मोडून हिशेब मागू शकतो. पण फर्म चालू ठेवून भागीदारावर कराराचा हक्क बजावायचा असेल, तर नोंदणीशिवाय आजही चालत नाही.

शेवटचा मुद्दा भागीदार जाण्याचा. करारात वेगळे लिहिले नसेल, तर एक भागीदार मेला की फर्मच संपते. दोघांचीच फर्म असेल तर लिहूनही उपयोग नाही, उरलेल्या एकट्याची भागीदारी कशी होणार? आणि भागीदार भांडून निघून गेला, तर "मी यात नाही" असे गावात सांगून सुटका होत नाही. निबंधकाला कळवावे लागते, राजपत्रात आणि मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते. तोवर त्याला भागीदार समजून उधार देणाऱ्याला तो बांधील राहतो.

आता तिसरा प्रकार, प्रायव्हेट कंपनी. निदान दोन भागधारक, दोन संचालक लागतात. किमान 1 लाख भांडवलाची अट 2015 साली गेली. एकट्यालाही एक-व्यक्ती कंपनी काढायची सोय 2013 च्या कंपनी कायद्याने केली. कंपनी म्हणजे कायद्याने जन्माला घातलेला निराळा माणूस. मिल त्याची, तूर त्याने घेतली, देणे त्याचे. आपल्या तिघांनी 5 लाखांचे भाग घेऊन पैसे पूर्ण भरले असतील, तर ते 5 लाख बुडाले, पण 12 लाखांसाठी धाकट्याच्या जमिनीला कुणी हात लावू शकत नाही. संचालक मेला तरी कंपनी मरत नाही. भाग वारसांकडे जातात, परवाना कंपनीच्याच नावावर राहतो.

बाहेरून भांडवल आणून वाढायचे असेल तेव्हा ही सोय लागतेच. शेतकऱ्याच्या ओळखीचेच उदाहरण किर्लोस्करांचे. लक्ष्मणरावांनी 1888 साली बेळगावला भावाच्या जोडीने सायकलींचे दुकान काढले. पुढे वैरण कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले, 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. किर्लोस्कर ब्रदर्सची मर्यादित कंपनी झाली ती 1920 साली. नांगर आधी, कंपनी मागून.

पण ही भिंत दिसते तेवढी उंच नाही. बँक छोट्या कंपनीला कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक जामीनकी घेते. आपल्या उदाहरणात यंत्राचे 6 लाखांऐवजी 4 लाख आले असते, तर बँकेचे राहिलेले 2 लाख जामीनदाराच्या घरातून गेले असते, कंपनी असो वा नसो. चेक वटला नाही तर सही करणाऱ्या संचालकावर फौजदारी येते. लबाडीला तर कुठलीच भिंत नाही.

भिंतीची किंमतही असते. एक रुपयाची विक्री झाली नाही तरी दरवर्षी हिशेबतपासणी करावी लागते. वार्षिक हिशेब आणि वार्षिक विवरण असे दोन फॉर्म भरावे लागतात, आणि 2018 पासून उशिराला दर फॉर्ममागे रोज 100 रुपये जादा आकार आहे. दोन फॉर्म 200 दिवस राहिले की 40 हजार झाले. सलग तीन वर्षे भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. कर वाचतो म्हणून कंपनी काढा, असे सांगणारे भेटतील. फर्म आणि कंपनी यांना पहिल्या रुपयापासून ठरावीक दराने कर असतो. कंपनीचा दर फर्मपेक्षा कमी निवडता येतो, पण कर भरून उरलेला नफा लाभांश म्हणून घरी नेला की 2020 पासून त्यावर भागधारकाला पुन्हा कर आहे. चार-पाच लाख नफ्याच्या मिलला एकट्याचा धंदाच स्वस्त पडतो.

मोठा बदल वेगळाच आहे. कंपनीचे पैसे आता तुमचे नाहीत. 1954 साली मुंबईच्या एका बाईंचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. चहाच्या मळ्यांच्या कंपन्यांत त्यांचे भाग होते. कंपनीचे 60 टक्के उत्पन्न शेतीचे धरून करमुक्त होते. त्या म्हणाल्या, मग माझा लाभांशही तेवढा शेतीचाच. न्यायालयाने सांगितले, मळा कंपनीचा आहे, तुमचा नाही. तुमच्याकडे आहे तो भाग, आणि लाभांश हे त्या भागाचे उत्पन्न. हे मिललाही लागू आहे. मुलीच्या लग्नाला गल्ल्यातून पैसे उचलणे एकट्या मालकाला चालते. संचालकाने कंपनीतून तसे उचलले तर ते कर्ज होते, आणि संचालकाला कर्ज द्यायला कायद्याची सहसा बंदी आहे.

आणि 20 टक्केवाल्या धाकट्याचे काय? जमीन वाचली, पण तो अडकला. 60 टक्केवाला थोरला संचालक नेमणार, लाभांश द्यायचा की नाही ते त्याचे संचालक ठरवणार. मुदत न ठरलेल्या भागीदारीत धाकटा नोटीस देऊन फर्म मोडू शकला असता. कंपनीतून भांडवल काढता येत नाही, भाग बाहेरच्याला विकायचे तर नियमावली आडवी येते. त्याच्या हाती एक गोष्ट राहते. नियमावली बदलायला 75 टक्के मते लागतात. तो आणि मधला मिळून 40 टक्के आहेत, ते अडवू शकतात. म्हणून धाकट्याने आपल्या अटी कंपनी काढतानाच नियमावलीत घालून घ्याव्यात : एक संचालक माझा, आणि बाहेर पडायचे तर भागांची किंमत अशी ठरेल.

आता भावांनो, आपण मघापासून मिलवाल्याच्या बाजूने बघतो आहोत. एकदा उलटून बघा. ते 12 लाख कुणाचे होते? तूर घालणाऱ्या शेतकऱ्यांचे. मालक एकटा असता तर त्याच्या मालमत्तेवर जाता आले असते, भागीदारी असती तर तिघांच्या. कंपनी निघाली आणि त्यांची वाट बंद झाली. बँकेने तारण घेतले, जामीनकी घेतली. शेतकऱ्याने घेतली ती पांढऱ्या कागदावरची पावती. संचालकाचे घर वाचवणारी भिंत आपल्याच पैशांवर उभी राहते.

म्हणून कुणी गाडी घेऊन आला आणि पावतीवर "प्रा. लि." असेल, तर उधारीआधी तीन गोष्टी करा. पावती कुणाच्या नावाची आहे ते वाचा, कारण देणे त्याच नावाचे. गावातल्या शिकलेल्या पोराला सांगून कंपनी खात्याच्या mca.gov.in या ठिकाणी ते नाव काढा. भांडवल किती, हिशेब शेवटी कधी भरला, मालमत्तेवर कुणाचा बोजा आहे, ते तिथे कळते. दोन वर्षांचे हिशेब नाहीत, तर उधारी नाही. आणि मोठा माल उधार द्यायचाच असेल, तर जशी बँक मागते तशी संचालकाची वैयक्तिक हमी लेखी मागा. तो देत नसेल तर रोख मागा.

मिल टाकणाऱ्यांना आमचे सांगणे थोडके आहे. धंदा लहान, उधारी कमी, घरचेच हात असतील तर एकट्याच्या नावाने सुरू करा. जोडीदार घेणार असाल तर आधी कागद, मग नोंदणी, मग नारळ. जागा कुणाची, पगार कुणाला, सही कुणाची, मेल्यावर काय, एवढ्या चार ओळी कागदावर हव्यातच. उधारीची उलाढाल घरच्या जमिनीच्या किमतीला पोचायला लागली किंवा बाहेरचा पैसा येणार असेल, तर कंपनीचा विचार करा, आणि वर्षाचा तपासनिसाचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरा. भागीदारीची ढिलाई आणि मर्यादित जबाबदारी यांच्या मधला एलएलपी हा प्रकार 2008 च्या कायद्याने आला आहे, आणि शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीला निदान दहा उत्पादक लागतात. त्या दोन्हींवर पुढच्या बैठकीत स्वतंत्रपणे बोलू.

आज घरी गेल्यावर ज्यांची तोंडी भागीदारी चालू आहे, त्यांनी जोडीदाराला एवढेच विचारावे : उद्या मी गेलो तर माझ्या घरच्यांना काय मिळेल, आणि त्यांच्यावर काय येईल? दोघांचे उत्तर एक आले तर ते लिहून काढा. दोन आली, तर लिहून काढायची आणखीच घाई करा.